फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर का साचतो आणि तो कसा टाळावा

सोबतच्या छायाचित्रात एकदारी फ्रीजचा वरचा बर्फकप्पा दिसतो. त्याच्या छतावर, तळावर आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र बर्फाचा सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा थर चढला आहे. बर्फाचा साचा तळाला घट्ट चिकटला आहे आणि कप्प्याची प्लास्टिकची झडप पूर्ण मिटत नाही. दाराच्या बाजूला, विशेषतः उजव्या कडेला, हा थर अधिक जाड आणि भुसभुशीत आहे. अनेक घरांत असे दृश्य दिसले की फ्रीज उत्तम थंडावा देत असल्याची समजूत करून घेतली जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हा बर्फ फ्रीजच्या क्षमतेमुळे जमत नाही. तो बाहेरून आत शिरलेल्या ओलाव्याचा साठा असतो, आणि जसजसा तो वाढतो तसतसा फ्रीजचा थंडावा घटत जातो.

बर्फ येतो कोठून?

फ्रीझरमधील बर्फाचे पाणी नळातून येत नाही, ते हवेतून येते. हवेत पाण्याची वाफ अदृश्य रूपात मिसळलेली असते आणि हवा जितकी उष्ण तितकी अधिक वाफ तिच्यात राहू शकते. पावसाळ्यातील मुंबईत तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. उणे १८ अंशांना मात्र तेवढ्याच हवेत जेमतेम एक ग्रॅम वाफ राहू शकते. म्हणजेच बाहेरची एक घनमीटर हवा फ्रीजमध्ये शिरून फ्रीझरच्या तापमानापर्यंत थंड झाली, तर तिच्यातील सुमारे २३ ग्रॅम पाणी कोठे ना कोठे बाहेर पडणे अटळ आहे.

हे पाणी फ्रीजमधील सर्वांत थंड पृष्ठभागाकडे ओढले जाते. एकदारी फ्रीजमध्ये बर्फकप्प्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या भिंती हाच तो पृष्ठभाग असतो, कारण शीतक वायू ज्या नलिकांतून फिरतो त्या या भिंतींमध्येच बसवलेल्या असतात. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली असलेल्या या भिंतींना वाफ स्पर्श करते तेव्हा ती आधी पाणी होऊन मग गोठत नाही, तर बहुतांशी थेट बर्फाच्या बारीक स्फटिकांत रूपांतरित होते. म्हणून हा बर्फ साच्यातील बर्फासारखा पारदर्शक आणि टणक नसून पांढरा व सच्छिद्र असतो. त्याच्या आकारमानाचा मोठा भाग स्फटिकांमध्ये अडकलेल्या हवेचा असतो.

वीजपुरवठा खंडित होतो तेव्हा या थराचे स्वरूप पालटते. काही तास वीज गेल्यास बर्फाचा पृष्ठभाग वितळतो, पाणी स्फटिकांच्या पोकळ्यांत उतरते आणि वीज आल्यावर पुन्हा गोठते. अशा रीतीने भुसभुशीत थराचा टणक, काचेसारखा बर्फ बनतो. भारनियमनाच्या भागांतील फ्रीझरमध्ये एकावर एक चढलेले असे थर अनेकदा पाहावयास मिळतात.

उन्हाळ्यापेक्षा पावसाळा अधिक त्रासाचा

बर्फाचा संबंध उकाड्याशी असावा, असे सहज वाटते. परंतु निर्णायक बाब तापमान ही नसून हवेतील प्रत्यक्ष ओलावा ही आहे. मे महिन्यातील दिल्ली किंवा नागपूर येथे पारा ४२ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांवर असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे ११ ग्रॅमच वाफ असते. मुंबई, रत्नागिरी, पणजी, कोची किंवा कोलकाता येथील पावसाळी हवेत, तापमान बारा-चौदा अंशांनी कमी असूनही, ती दुपटीहून अधिक भरते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात फ्रीजला उष्णतेशी झुंजावे लागते आणि पावसाळ्यात ओलाव्याशी. कोरड्या प्रदेशातून किनारपट्टीवर बदली होऊन आलेल्या कुटुंबाला तोच फ्रीज अचानक 'बिघडला' असे वाटते, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

एका फ्रीझरचा हिशेब

छायाचित्रातील स्थिती किती काळात निर्माण होऊ शकते, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. बर्फकप्पा ४० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल आणि १५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. त्याची क्षमता १८ लिटर आणि थंड भिंतींचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ०.४ चौरस मीटर होते. घरात दिवसातून वीस वेळा दार उघडले जाते आणि प्रत्येक वेळी फ्रीजमधील सुमारे ५० लिटर थंड हवा खाली ओघळून तिच्या जागी बाहेरची हवा शिरते, असे मानू. दिवसाला ही हवा एक घनमीटर होते. तिच्याबरोबर आलेला जवळपास सर्व ओलावा बर्फकप्प्यापर्यंत पोहोचला, तर रोज २३ ग्रॅम आणि महिन्याला सुमारे ७०० ग्रॅम बर्फ जमेल. या सच्छिद्र बर्फाचे एक लिटर आकारमान सुमारे ३०० ग्रॅम भरते असे धरले, तर ७०० ग्रॅम बर्फाचा थर सर्व भिंतींवर मिळून सहा मिलिमीटरच्या आसपास होतो.

हा नेहमीच्या वापरातील भाग झाला. फ्रीजच्या माहितीपुस्तिकांत बर्फ साधारण पाच-सहा मिलिमीटर होताच तो वितळवावा, अशी सूचना असते. दमट हवामानात ही वेळ महिन्याभरात येते, हे या हिशेबाशी जुळणारे आहे.

आता दाराच्या रबराला एखाद्या कोपऱ्यात फट आहे असे समजा. त्या फटीतून मिनिटाला केवळ एक लिटर हवा आत येत असेल, तर दिवसाला ती १,४४० लिटर होते. तिच्याबरोबर रोज सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे महिन्याला एक किलो पाणी आत येते. वीस वेळा दार उघडल्याने जेवढा ओलावा येतो, त्यापेक्षा दीडपट ओलावा ही न दिसणारी फट आणते, आणि तीही रात्रंदिवस. दोन्ही मिळून महिन्याला थर चौदा मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे छायाचित्रातील अडीच सेंटिमीटरचा थर जमण्यास दोन महिनेही पुरतात. एवढ्या थरामुळे १८ लिटरच्या कप्प्यात साडेनऊ-दहा लिटरच जागा शिल्लक राहते.

यातील दार उघडण्याच्या वेळा आणि फटीचा आकार घरोघरी वेगळे असतील. परंतु दोहोंचे परस्परप्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे. बर्फ अवाजवी वेगाने वाढत असेल, तर दार कितीदा उघडले जाते याआधी ते नीट बंद होते का, हे तपासावे.

थर वाढला की दुष्टचक्र सुरू होते

बर्फकप्प्याच्या भिंतींचे काम आतील हवेतील उष्णता शोषून घेणे हे आहे. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेचे वहन उत्तम करते. त्यावर जमलेला भुसभुशीत बर्फ मात्र त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्श्यानेच ते करतो. थोडक्यात, थंड भिंतीवर आतून पांघरूण घातल्यासारखी स्थिती होते. भिंत अतिशय थंड असते. पण तो थंडावा खालच्या कप्प्यातील दूध, भाजी आणि शिजवलेल्या अन्नापर्यंत पुरेसा उतरत नाही.

येथेच नेमकी चूक घडते. खाली दूध नासू लागले की तापमान नियंत्रणाची चकती शेवटच्या आकड्यावर फिरवली जाते. त्यामुळे कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालतो, भिंती आणखी थंड होतात, वाफ त्यांच्यावर अधिकच जमत राहते आणि पांघरूण जाड होत जाते. वीजबिल वाढते, खालचा कप्पा मात्र कोमटच राहतो. ज्या घरात इन्सुलिन ठेवलेले असते तेथे ही बाब अधिक गंभीर ठरते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. बर्फाच्या थरामुळे खालचा कप्पा या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, तर बर्फकप्प्याला लागून ठेवलेली कुपी गोठू शकते. आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यानंतरही वापरू नये. अशा घरात खालच्या कप्प्याच्या मध्यभागी साधा तापमापक ठेवणे हितावह ठरते.

बर्फाची जागा कारण सांगते

थर कोठे जास्त आहे, यावरून त्याचे कारण बऱ्याच अंशी ओळखता येते. छायाचित्रात बर्फ दाराच्या बाजूला आणि एका कडेला अधिक आहे. बाहेरची हवा त्या दिशेने येत असल्याचे हे लक्षण आहे. म्हणून दाराचे रबर आणि बर्फकप्प्याची झडप हे पहिले संशयित ठरतात. थर सर्वत्र सारख्या जाडीचा असेल, तर वारंवार उघडले जाणारे दार, उघडी ठेवलेली भांडी किंवा कित्येक महिने न वितळवलेला बर्फ यांकडे लक्ष वळवावे. कप्प्याच्या एकाच लहान भागावर बर्फ असून उर्वरित भिंती कोरड्या व कमी थंड असतील, तर शीतक वायू कमी झाल्याची शक्यता असते आणि त्यासाठी तंत्रज्ञच बोलवावा लागतो.

रबराची तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी किंवा चलनी नोट दाराच्या कडेत अर्धी आत राहील अशी धरून दार लावावे आणि ती हळूच ओढावी. ओढताना स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. नोट सहज सरकून आली, तर तेथे रबर टेकत नाही. ही चाचणी दाराच्या चारही बाजूंना वीतभर अंतराने करावी. बिजागरीकडील बाजू आणि खालचे कोपरे विसरू नयेत, कारण तेथे रबर अधिक दबते आणि सांडलेले पदार्थही तेथेच साचतात.

पुष्कळदा रबर फाटलेले नसून केवळ चिकट मळामुळे उचललेले असते. कोमट साबणाच्या पाण्याने घड्यांच्या आतपर्यंत ते पुसून कोरडे करावे. एखाद्या ठिकाणी ते चेपले असेल, तर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने काही मिनिटे शेकावे आणि बोटांनी पूर्ववत आकार द्यावा. रबर कडक झाले असेल, त्याला चीर पडली असेल किंवा त्यातील चुंबकीय पट्टीची पकड गेली असेल, तर ते बदलणे हाच उपाय आहे. याचबरोबर फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवावेत. त्यामुळे अर्धवट लोटलेले दार स्वतःच्या वजनाने मिटते.

एकदारी फ्रीजमध्ये बर्फकप्प्याच्या छोट्या झडपेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तिला रबर नसते आणि ती हवाबंदही नसते; परंतु बाहेरचे दार उघडल्यावर आत शिरणारी दमट हवा थेट थंड भिंतींवर आदळू नये, यासाठी तिचा उपयोग असतो. तिची बिजागरी किंवा स्प्रिंग तुटली, किंवा आत कोंबलेल्या पिशवीमुळे ती उघडी राहिली, तर बर्फ पुढच्या कडेला झपाट्याने वाढतो. तो बर्फ पुढे झडपच अडवतो, आणि मग ती मिटणे अशक्यच होते. छायाचित्रात हीच अवस्था दिसते.

घरातूनच जाणारा ओलावा

बाहेरची हवा हा ओलाव्याचा मुख्य मार्ग असला, तरी एकमेव नव्हे. खालच्या कप्प्यात झाकण न ठेवलेले आमटीचे पातेले, धुऊन न निथळलेली पालेभाजी, उघडे दही किंवा भिजवलेली कडधान्ये यांतील पाण्याची सतत वाफ होत राहते. बर्फकप्प्याच्या भिंती ती वाफ ओढून घेत असल्याने आतील हवा कोरडी राहते आणि बाष्पीभवन थांबत नाही. उघडी ठेवलेली पालेभाजी सुकते तेव्हा तिच्यातील पाणी नाहीसे झालेले नसते. ते वरच्या कप्प्यात बर्फ होऊन बसलेले असते.

त्यामुळे भांड्यांवर झाकण ठेवणे, भाजी निथळून पिशवीत किंवा भाजीच्या बंद कप्प्यात ठेवणे आणि शिजवलेले अन्न वाफ निवाल्यावरच आत ठेवणे, या सवयींचा प्रत्यक्ष परिणाम बर्फावर होतो. मात्र अन्न निवण्यासाठी तासन्‌तास बाहेर राहू देऊ नये. पसरट भांड्यात काढून ते लवकर निववावे आणि साधारण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे.

बर्फ काढण्याची योग्य रीत

सर्वांत मोठा धोका बर्फ साचण्यात नसून तो घाईने काढण्यात आहे. सुरी, उलथने किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडताना पातळ अ‍ॅल्युमिनियमला छिद्र पडले, तर आतील शीतक वायू निघून जातो आणि फ्रीज थंड करणे बंद करतो. ही दुरुस्ती खर्चिक असते आणि पुष्कळदा टिकतही नाही. याखेरीज अलीकडच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६०० ए, म्हणजेच आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू असतो. छिद्र पडून फुसकारल्यासारखा आवाज आला, तर विजेचे बटण किंवा गॅसची शेगडी यांना हात न लावता खिडक्या उघडाव्यात आणि तंत्रज्ञाला बोलवावे.

योग्य रीत संथ असली तरी सोपी आहे. आधी फ्रीझरमधील पदार्थ जाड पिशवीत किंवा थर्माकोलच्या पेटीत एकत्र ठेवावेत. थर पातळ असल्यास नियंत्रण चकतीच्या मध्यभागी असलेले बर्फ वितळवण्याचे बटण दाबणे पुरेसे असते. कॉम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळतो आणि त्यानंतर फ्रीज आपोआप सुरू होतो. छायाचित्रातील थरासाठी मात्र प्लग काढून दार उघडे ठेवणे उचित, कारण वितळलेले पाणी खालच्या तबकात मावणार नाही. कप्प्यात घडी केलेल्या टॉवेलवर गरम पाण्याचे भांडे ठेवावे आणि ते पंधरा-वीस मिनिटांनी बदलावे. बर्फाचे पापुद्रे सैल होऊन भिंतीपासून सुटले की हाताने उचलावेत. न सुटलेल्या तुकड्याला जोर लावू नये. ओलसर जागेत विजेवर चालणारे केस वाळवण्याचे यंत्र वापरण्याचा मोह टाळावा.

शेवटी भिंती, झडप आणि रबर कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावेत. ओल राहिल्यास फ्रीज सुरू होताच तिचा पातळ टणक थर बनतो. नंतर नियंत्रण चकती मधल्या आकड्यावर ठेवून फ्रीज सुरू करावा आणि आतील तापमान उतरल्यावर पदार्थ परत ठेवावेत. पूर्ण वितळलेले मांस, मासे किंवा आइस्क्रीम पुन्हा गोठवू नये.

वितळलेले पाणी मोजा

उपाय लागू पडला की नाही, हे पाहण्याची एक नेमकी पद्धत आहे. काढलेला बर्फ आणि वितळलेले पाणी बादलीत गोळा करून ते मोजावे आणि तारखेसह नोंदवावे. वरील उदाहरणात दोन महिन्यांनी सुमारे सव्वातीन लिटर पाणी निघेल. रबर स्वच्छ करून आणि झडप दुरुस्त करून चार आठवड्यांनी पुन्हा बर्फ वितळवल्यावर पाणी अर्धा ते पाऊण लिटर भरले, तर फट बुजली असे समजावे. तेवढा बर्फ दमट हवेतील नित्य वापराचाच असतो. पाणी पुन्हा दीड लिटरच्या पुढे गेले, तर हवा अद्याप कोठून तरी शिरत आहे आणि रबर बदलण्याची वेळ आली आहे. तुलना मात्र सारख्याच ऋतूत करावी. ऑगस्टमधील पाण्याशी जानेवारीतील पाण्याची तुलना फसवी ठरेल.

'फ्रॉस्ट फ्री' फ्रीजमध्ये बर्फ दिसल्यास

दोन किंवा अधिक दारांच्या बहुतेक फ्रीजमध्ये थंड नलिका मागच्या पडद्याआड असतात आणि पंखा थंड हवा सर्वत्र फिरवतो. त्या नलिकांवरही बर्फ जमतोच. पण ठरावीक काळाने एक छोटा हीटर तो वितळवतो आणि पाणी नळीवाटे मागील तबकात जाऊन उडून जाते. म्हणून या प्रकारात डोळ्यांना दिसेल असा जाड बर्फ हा नेहमीच्या वापराचा भाग नसून दोषाचे चिन्ह असतो. बर्फ दाराजवळ असेल, तर येथेही प्रथम रबर तपासावे. मागच्या पडद्यावर बर्फ चढून पंख्याचा आवाज बदलला असेल, तर हीटर, त्याचा तापसंवेदक किंवा टायमर बंद पडलेला असू शकतो. तळाशी काचेसारखी बर्फाची लादी बनत असेल, तर पाणी वाहून नेणारे छिद्र तुंबलेले असते. अशा फ्रीजमधील बर्फ घरी वितळवता येतो. परंतु मूळ दोष राहिल्यास काही आठवड्यांत तो परत येतो. त्यामुळे बर्फ कोठे होता, हे दाखवणारे छायाचित्र वितळवण्यापूर्वी काढून ठेवावे. तंत्रज्ञ येईपर्यंत बर्फ वितळून गेला, तरी दोष शोधण्यास ते छायाचित्र उपयोगी पडते.